पानशेत पुरावरील लेख : परीक्षकांचे अभिप्राय

मॅडम, सप्रेम नमस्कार.

दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय आले. लेख दोघांनाही आवडला आहे, पण दुरुस्त्यांशिवाय स्वीकारता येणार नाही.

आधी कराव्याच लागतील त्या. पान ४ वर 'खडकवासला फुटल्याने पानशेतवर ताण आला' असं वाक्य आहे. हे उलटं झालंय. १२ जुलै १९६१ला आधी वरचं, मातीचं पानशेत फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं, दगडी बांधणीचं खडकवासला टिकलं नाही. पुढचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा असल्याने तो परिच्छेद नव्याने लिहावा. शिवाय सतरा मुलाखतींपैकी संमतीचा उल्लेख फक्त नऊ ठिकाणी आहे. उरलेल्या आठ जणांची लेखी संमती घ्या; मिळाली नाही, तर त्यांची अवतरणं काढावी लागतील. यात सवलत देता येणार नाही.

दुसऱ्या परीक्षकांना नदीकाठच्या पेठांचा नकाशा आणि गोखलेनगर, सहकारनगर इथल्या पुनर्वसनावर वेगळा भाग हवा आहे. हे ऐच्छिक. नकाशा जरूर घाला. पुनर्वसन मात्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे, असं माझं मत. शीर्षक बदलण्याची सूचना मी बाजूला ठेवली आहे, तुम्हीही ठेवा.

एका परीक्षकांनी 'मुलाखती कमी' म्हटलंय, दुसऱ्यांनी 'भरपूर'. नव्या घेऊ नका.

सुधारित प्रत, बदल पिवळ्या रंगात दाखवून, सहा आठवड्यांत पाठवा. पहिल्या दोन मुद्द्यांना सोबतच्या पत्रात मुद्देसूद उत्तर हवं.

आपला,
संपादक, पुणे