तुझे २९, माझे २६: निबंध आणि स्वमूल्यमापनावरचा अभिप्राय

इयत्ता अकरावी, मराठी. हजेरी क्रमांक १४, बडोदे.
निबंध: ‘सयाजीराव महाराजांनी शाळा सक्तीची का केली?’

तुझे गुण: मुद्दा ९, पुरावे ९, रचना ७, भाषा ४.
माझे गुण: मुद्दा ६, पुरावे ५, रचना ७, भाषा ८.

फक्त तीन गुणांचा फरक, म्हणजे आपलं बरंचसं जुळलं, असं तुला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. मग एकेक रकाना शेजारी ठेवून पाहिला. तू जिथे स्वतःला भरभरून दिलंस तिथे मी हात आखडला, आणि तू जिथे मान खाली घातलीस तिथे मला सगळ्यात जास्त आवडलं. बेरीज जवळ आली ती चुका एकमेकींत फिटल्यामुळे.

आधी पुरावे. तू लिहितेस, ‘अकरा सनावळ्या दिल्या आहेत, एकही चुकलेली नाही, म्हणून ९.’ चुकलेली नाही हे खरंच. मी सगळ्या तपासल्या. १८९३ साली अमरेलीत प्रयोग, १९०६ साली सबंध संस्थानात सक्ती. पण प्रश्न ‘का’ असा होता आणि सनावळी ‘केव्हा’ एवढंच सांगते. मधली तेरा वर्षं महाराज कशासाठी थांबले? सुरुवात राजधानीत न करता दूर काठेवाडातल्या अमरेलीत का केली? निबंधात यावर एक ओळ नाही. गंमत म्हणजे स्वमूल्यमापनाच्या कागदावर तू लिहून गेलीस, ‘आधी छोट्या भागात करून बघितलं, अंगाशी आलं तर तिथेच थांबवता आलं असतं.’ हा तुझा तर्क आहे, त्याला आधार शोधावा लागेल. पण निबंधाला हवा होता तो नेमका हाच! गुण मात्र वाढवले नाहीत. मी निबंध तपासतो, त्याबद्दलचं स्पष्टीकरण नाही.

आंबेडकरांचा परिच्छेद तू ‘माझा सर्वात भक्कम पुरावा’ म्हणून अधोरेखित केलास. माझ्या मते तो सर्वात कच्चा. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, बरोबर. पण त्यांचं शालेय शिक्षण साताऱ्यात आणि मुंबईत झालं. ते आपल्या सक्तीच्या शाळेतून घडले असं तुझं वाक्य सुचवतं, ते टिकत नाही. आणि तेच आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी इथे आले तेव्हा जातीमुळे त्यांना याच शहरात राहायला जागा मिळेना, हे तू गाळलंस. माहीत नव्हतं म्हणून गाळलंस की निबंधाची शोभा जाईल म्हणून, ते तूच जाण. मुद्द्याचे तीन गुण मुख्यतः इथेच गेले: महाराजांचं कौतुक भरपूर, कारणमीमांसा थोडी.

रचनेला दोघांचेही ७, पण कारणं वेगळी. शेवट घाईत उरकला हे तू स्वतः पकडलंस, शाबास. लक्ष्मीविलास राजवाड्याचा परिच्छेद मात्र तुझ्या नजरेतून सुटला. राजवाडा सुंदर आहे, पण त्याचं इथे काय काम?

आता भाषा. ‘आमचं बडोद्याचं मराठी, बोलल्यासारखं झालंय, शुद्ध नाही, म्हणून ४.’ हे वाचून वाईट वाटलं. ‘पुर्ण’, ‘सुरु’, ‘विद्यार्थीनी’ या चुका आहेत, दोन गुण त्यांचेच कापले. पण पणजीबद्दलचं ते वाक्य, ‘कायदा दारात उभा होता, पण घरात आत्येसासूबाई होत्या’, हे पुण्याच्या कुठल्याही मुलीला सुचलं असतं तर तिने मिरवलं असतं. सक्ती कुठे अडत होती ते त्यात आहे. तो खरं तर पुरावाच आहे, तू मोजलाच नाहीस. आणि आजीच्या तोंडचा ‘निशाळ’ खोडून तू ‘विद्यालय’ केलंस. निशाळच ठेव. आजी कधी विद्यालय म्हणाली असेल का?

थोडा दोष माझाही. कागदावर मी छापलं होतं, ‘पुरावे किती दिले?’ किती विचारल्यावर तू मोजलेस. पुढच्या वेळी तिथे ‘हा पुरावा काय सिद्ध करतो?’ असं असेल.

स्वमूल्यमापनाला १० पैकी ६. प्रामाणिक आहे, प्रत्येक अंकाला कारण दिलंस; वर्गात निम्म्यांनी नुसते आकडे भरले. कापले ते कष्ट आणि परिणाम यांत गल्लत केली म्हणून.

शनिवारपर्यंत फक्त अमरेलीचा परिच्छेद पुन्हा लिही. सोबत वेगळ्या चिठ्ठीवर तुझे गुण आणि कारण लिहून चिठ्ठी दुमडून दे. मी माझे गुण घातल्यावरच ती उघडीन.