क्रेन गर्डर सीजी-2 : डिझाइन तपासणी टिपण

प्रकल्प: फाउंड्री शेड, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
घटक: ओतकाम बे, ग्रिड 4 ते 5, साधा आधार असलेला प्लेट गर्डर
कशाची तपासणी: फॅब्रिकेटरचं ड्रॉइंग जी-03, रिव्हिजन 1
संहिता: आयएस 800:2007, आयएस 875 भाग 2
निर्णय: सेक्शन मंजूर. ड्रॉइंग नामंजूर, कलम 4 आणि 5 मधले बदल करून रिव्हिजन 2 पाठवावं.

1. गर्डर आणि क्रेन

गर्डरचा स्पॅन 7.5 मीटर. वरचा फ्लँज 420×20, वेब 600×12, खालचा फ्लँज 300×20, पोलाद ई350. 20 मि.मी. जाडीच्या प्लेटला यील्ड 350 नाही, 330 मेगापास्कल लागतो. फॅब्रिकेटरच्या गणितात सगळीकडे 350 धरला होता. खालचे आकडे 330 धरून काढले आहेत.

सेक्शनचे गुणधर्म मी स्वतंत्रपणे काढले. तटस्थ अक्ष तळापासून 354 मि.मी.वर येतो.

```
I  = 1575e6 mm4
Zb = 4.44e6 mm3   (तळ)
Zt = 5.51e6 mm3   (माथा)
```

क्रेन 20 टनी ईओटी, रूळ ते रूळ 18.5 मीटर. ब्रिजचं वजन 180 किलोन्यूटन, क्रॅब 50, उचल 200. चाकांमधलं अंतर 3.6 मीटर, हुकचा किमान ॲप्रोच 1.0 मीटर, प्रत्येक एंड कॅरेजला दोन चाकं.

2. चाकांचे भार

क्रॅब गर्डरच्या सर्वांत जवळ आणि हुकावर पूर्ण भार असताना:

```
R = (200+50) x (18.5-1.0)/18.5 + 180/2 = 326.5 kN
प्रति चाक = 163.2 kN
```

क्रेन उत्पादकाच्या डेटाशीटवर 168 किलोन्यूटन आहे. हा फरक खरा आहे. पॅनेल आणि लाँग ट्रॅव्हलचा ड्राइव्ह एकाच बाजूला बसवलेला आहे, त्यामुळे ब्रिजचं वजन दोन्ही रुळांवर निम्मंनिम्मं पडत नाही. तपासणीसाठी 168 धरला. 25 टक्के इम्पॅक्टसह 210 किलोन्यूटन.

आडवा सर्ज क्रॅब आणि उचल यांच्या बेरजेच्या 10 टक्के, म्हणजे 25 किलोन्यूटन. चाकं दुहेरी फ्लँजची असल्याने तो चार चाकांत वाटला, प्रत्येकी 6.25. रुळाच्या दिशेचा जोर स्थिर चाकभारांच्या 5 टक्के, एका रुळावर 16.8 किलोन्यूटन, तो ब्रेस केलेल्या बेमध्ये जातो. हे दोन्ही आडवे जोर एकाच वेळी धरायचे नाहीत, उभ्या भाराबरोबर एका वेळी एकच.

दोन्ही चाकं स्पॅनवर असताना कमाल मोमेंट:

```
M = (2 x 210/7.5) x (7.5/2 - 3.6/4)^2 = 455 kNm
```

एकच चाक मध्यावर ठेवलं तर 394 येतो, म्हणजे दोन चाकंच निर्णायक. गर्डर, रूळ आणि क्लिपांचं वजन 2 किलोन्यूटन प्रति मीटर धरलं, त्याचा मोमेंट 14. एक चाक आधारावर असताना कमाल रिॲक्शन 319 किलोन्यूटन.

आता ज्या गोष्टीवर क्लायंटशी बोलायलाच हवं ती. लेआउटवर याच बेमध्ये तुटक रेषेत «भावी क्रेन» दाखवली आहे. ती याच क्षमतेची आली आणि दोन्ही बफर टेकले तर शेजारच्या चाकांमध्ये सुमारे 1.6 मीटर अंतर राहील. तेव्हा तीन चाकं एका गर्डरवर येतात आणि मोमेंट 645 किलोन्यूटन-मीटरवर जातो. हा गर्डर तो घेणार नाही. एक तर दोन क्रेनमध्ये अंतर राखणारा लिमिट स्विच कायमचा बसवायचा, नाही तर आताच मोठा सेक्शन घ्यायचा. क्लायंटचं लेखी उत्तर येईपर्यंत ही मंजुरी एकाच क्रेनपुरती आहे.

3. ताकद

यात फार काही अडत नाही, म्हणून थोडक्यात. भार गुणक 1.5. फ्लँजची बाहेर निघालेली बाजू 204/20 असल्याने सेक्शन सेमी-कॉम्पॅक्ट ठरतो. म्हणून प्लास्टिक मोड्युलस न वापरता इलॅस्टिक वापरला.

वरच्या फ्लँजवर उभ्या वाकणीचा ताण 128 मेगापास्कल. मध्ये आडवा आधार कुठेही नाही आणि भार माथ्यावर येतो, म्हणून प्रभावी लांबी 1.2 पट धरून फ्लँज आणि लगतचा वेबचा भाग स्तंभासारखा तपासला. त्याची क्षमता 158 येते. सर्जचा वाटा मिळवून एकूण गुणोत्तर 0.92. खालचा फ्लँज 0.53. आधाराजवळ वेबचा शिअर 68 मेगापास्कल, क्षमतेच्या बराच आत. चाकाखाली वेबवरचा स्थानिक दाबही ठीक.

वेबचं 600/12 = 50 हे गुणोत्तर शिअर बकलिंगच्या मर्यादेत आहे, म्हणजे मधल्या स्टिफनरांची ताकदीसाठी गरज नाही. हे पुढच्या कलमात कामाला येईल.

4. थकवा

गर्डरचा निकाल इथे लागतो, म्हणून हे कलम सर्वांनी पूर्ण वाचावं, शॉप फ्लोअरवरच्या फोरमननेही.

आवर्तनं: फाउंड्रीने दिलेल्या माहितीनुसार तासाला 10 उचली, दिवसाला 16 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे वर्षाला 48,000 भारित फेऱ्या. क्रेन तितक्याच वेळा रिकामी परत येते. रिकाम्या क्रेनचा चाकभार पूर्ण भाराच्या सुमारे 0.42 पट असतो, म्हणून नुकसानीत तिचा वाटा किरकोळ असला तरी शून्य नाही. तो धरून वर्षाला 52,000 आणि 25 वर्षांत 13 लाख आवर्तनं. क्रेन बाहेर गेली की ताण स्वतःच्या वजनापुरता उरतो, त्यामुळे ताणाचा पल्ला म्हणजे क्रेनचा संपूर्ण मोमेंट. इथे भार गुणक 1.0, इम्पॅक्टसह.

तळाशी पल्ला 455/4.44 = 102 मेगापास्कल.

गर्डर साधा आधारलेला आहे. खालचा फ्लँज तडकला तर भार घ्यायला दुसरं काही नाही. पाहणी करता येते, पण फेल-सेफ नाही, म्हणून आंशिक गुणक 1.25.

```
f = fn x (5e6/1.3e6)^(1/3) / 1.25 = 1.254 x fn
```

वेब आणि खालच्या फ्लँजमधला सलग वेल्ड, मध्ये थांबे-सुरुवाती धरून, वर्ग 83. परवानगी 104, प्रत्यक्ष पल्ला वेल्डपाशी 97. गुणोत्तर 0.93, पास. नुसता गर्डर 25 वर्षं टिकेल.

पण ड्रॉइंग जी-03 वर दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. पहिली, दर 1.25 मीटरला मधले स्टिफनर, तळापर्यंत नेऊन खालच्या फ्लँजला फिलेट वेल्ड केलेले. दुसरी, डीएसएल बसबारचे अँगल ब्रॅकेट, खालच्या फ्लँजच्या काठाला आडवे वेल्ड केलेले. अशा आडव्या जोडणीला वर्ग 59 लागतो. परवानगी 74, पल्ला 102. गुणोत्तर 1.39, नापास.

याच गणितावर त्या वेल्डचं डिझाइन आयुष्य वर्षांत मोजलं तर साडेनऊ वर्षांच्या आत भरतं. सगळ्या उचली पूर्ण 20 टनांच्या नसतात हेही तपासलं: 30 टक्के पूर्ण भार आणि बाकीच्या 10 टनांच्या धरल्या, तर नुकसानीच्या हिशेबाने वर्षाला सुमारे 30,000 पूर्ण आवर्तनं होतात आणि आयुष्य 16 वर्षांपर्यंत लांबतं. 25 वर्षं तरीही होत नाहीत. आणि ज्या फ्लँजखालून वितळलेल्या लोखंडाची लॅडल जाते, तिथे मी सवलतीचा हिशेब लावणार नाही.

बैठकीत सुचलेले दोन उपाय इथे चालत नाहीत. पोलादाची ग्रेड वाढवून काही मिळत नाही, कारण वेल्ड केलेल्या तपशिलाची थकवा-क्षमता यील्डवर अवलंबून नसते. ई350 चा फायदा फक्त कलम 3 मध्ये आहे. खालचा फ्लँज 32 मि.मी. केला तर पल्ला 73 वर येतो खरा, पण 25 मि.मी.पेक्षा जाड प्लेटला `(25/32)^0.25` ही घट लागते, परवानगी 70 च्या आत जाते आणि तपशील पुन्हा नापास होतो. प्रत्येक गर्डरमागे दोन क्विंटलांहून जास्त पोलाद वाढवून हाती काही लागत नाही.

म्हणून ड्रॉइंगमध्ये हे बदल करावेत.

मधले स्टिफनर काढून टाकावेत. त्यांची गरज नाही. आधारावरचे बेअरिंग स्टिफनर राहतील, तिथे मोमेंट शून्याजवळ असतो. स्टिफनर गेल्यामुळे वरच्या फ्लँजचा पीळ एकट्या वेबच्या माथ्यावर येतो, म्हणून वेब आणि वरच्या फ्लँजचा जोड फिलेटऐवजी पूर्ण पेनिट्रेशनचा करावा. त्या वेल्डवर प्रत्येक चाक वेगळं आवर्तन देतं, म्हणजे फेरीमागे दोन. रूळ बसवताना त्याचा मध्य वेबच्या मध्यापासून 6 मि.मी.पेक्षा सरकू नये.

डीएसएलचे ब्रॅकेट तळापासून 350 मि.मी. उंचीवर, वेबला बोल्टने जोडावेत. तिथे तटस्थ अक्ष अगदी जवळ असल्याने वाकणीचा ताण नगण्य आहे. भोकं शॉपमध्येच ड्रिल करावीत, साइटवर गॅसने नाही.

खालच्या फ्लँजची प्लेट 7.5 मीटर अखंड मागवावी, बट जोड चालणार नाही. आणि ड्रॉइंगवर ठळक अक्षरांत ही टीप हवी: «खालच्या फ्लँजला कोणतंही वेल्डिंग करू नये, टॅक वेल्डसुद्धा नाही». इरेक्शनच्या वेळी दोर अडकवायला तात्पुरते क्लीट लावून नंतर ते कापून टाकायची पद्धत आहे. क्लीट जातो, वेल्डची टाच तिथेच राहते, आणि तडा तिथूनच सुरू होतो. उचलण्यासाठी वरच्या फ्लँजवर क्लॅम्प वापरावेत.

5. डिफ्लेक्शन

उभं डिफ्लेक्शन, दोन्ही चाकं मध्याच्या दोन बाजूंना सममित, इम्पॅक्ट वगळून:

```
a = (7500-3600)/2 = 1950 mm
d = W a (3L^2 - 4a^2)/(24 E I) = 6.65 mm
```

50 टनांपर्यंतच्या विद्युत क्रेनसाठी मर्यादा स्पॅन/750, म्हणजे 10 मि.मी. इम्पॅक्ट धरला तरी 8.3 येतं, म्हणून तो धरायचा की नाही हा वाद इथे उद्भवत नाही. स्वतःच्या वजनाचं 0.3 मि.मी.

आडवं डिफ्लेक्शन एकट्या वरच्या फ्लँजवर सोपवून 3.2 मि.मी. येतं. मर्यादा स्पॅन/400, म्हणजे 18.75.

दोन रुळांमधलं सापेक्ष सरकणं 10 मि.मी.च्या आत हवं. ते गर्डरवर नाही, फ्रेमवर ठरतं. फ्रेमच्या डिझायनरने क्रेनच्या पातळीवर 7.4 मि.मी. कळवलं आहे, ते स्वीकारलं, मात्र स्तंभाचा तळ पिन धरून काढलेला आकडा आहे का, हे त्यांनी रिव्हिजन 2 बरोबर लिहून द्यावं.

गर्डरची टोकं स्तंभाच्या ब्रॅकेटवर फक्त टेकलेली आणि बोल्ट केलेली राहतील. वरच्या फ्लँजचा आडवा टाय लवचीक प्लेटचा हवा, म्हणजे टोकाच्या फिरण्याला अडथळा होणार नाही. जी-03 वर तिथे जाड गसेट वेल्ड केलेलं दिसतं. प्रत्येक फेरीला ते गसेट वाकवलं जाईल, आणि कलम 4 मधला प्रश्न स्तंभापाशी पुन्हा उभा राहील. तेही बदलावं.

6. रिव्हिजन 2 बरोबर अपेक्षित

बदललेलं ड्रॉइंग, भावी क्रेनबद्दल क्लायंटचं पत्र, फ्रेम डिझायनरचं उत्तर आणि पूर्ण पेनिट्रेशन वेल्डची अल्ट्रासोनिक चाचणीची योजना. हे येईपर्यंत सीजी-2 च्या प्लेटची कटिंग सुरू करायला हरकत नाही, कारण सेक्शनची मापं बदलत नाहीत. असेंब्ली मात्र थांबवावी.