केअर प्लॅन, पान 2: फोटोवरून चार रकान्यांत
महिला मेडिसिन वॉर्ड, खाट 14. वय 42, कापूस वेचणी मजूर, जालना जिल्हा. जुलाब-उलट्या, दुसरा दिवस.

| निदान | उद्दिष्ट | उपाय | मूल्यमापन |
|---|---|---|---|
| जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील द्रवाची कमतरता. जीभ कोरडी, नाडी 112, लघवी 8 तासांत 150 मिली | 24 तासांत लघवी ताशी किमान 30 मिली, नाडी 100 च्या आत | आदेशानुसार आरएल. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस 200 मिली, घोट-घोट. इनटेक-आउटपुट दर तासाला. नाडी, बीपी दर 4 तासांनी | लघवी 8 तासांत 290 मिली, नाडी 92. साध्य. जुलाब 3 वेळा, प्लॅन चालू |
| ओआरएस बनवण्याविषयी अपुरी माहिती | सुट्टीआधी सुनेने स्वतः बनवून दाखवावे | टँकरचे पाणी उकळून गार करणे, पूर्ण पाकीट 1 लिटरमध्ये, 24 तासांनी उरलेले फेकणे | पहिल्यांदा पाकीट अर्ध्या लिटरच्या तांब्यात ओतले, समजावल्यावर बरोबर. साध्य |

मूळ पानावर “नाडी 92” उपायांच्या ओळीत होती. तो परिणाम आहे, म्हणून शेवटच्या रकान्यात नेली. आरएलचा वेग फ्लॅशच्या चकाकीत पुसला गेलाय. अंदाजाने आकडा घातलेला नाही. ट्रीटमेंट शीट पाहूनच लिहावा.