पार्ट-टाइम वेब डेव्हलपर पाहिजे (वर्डप्रेस, कोल्हापूर / घरून काम)

आमची शिरोली एमआयडीसीत कास्टिंग आणि मशिनिंगची फर्म आहे, माणसं साधारण 180. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, दोनेकशे प्रॉडक्ट पेजेस, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. नवीन साइट बनवायची नाहीये हे आधीच सांगतो, आहे ती नीट चालवायला माणूस पाहिजे.

सध्याची अवस्था लपवत नाही. सर्व्हर अजून पीएचपी 7.4 वर आहे, त्याचा सपोर्ट 2022 च्या नोव्हेंबरमध्येच संपलाय, पण थीम जुनी आहे आणि 8 वर नेलं की काय काय फुटेल या भीतीने कोणी हात लावलेला नाही. तर पहिलं मोठं काम हेच, स्टेजिंगवर कॉपी घेऊन, एकेक प्लगइन तपासून, मग लाइव्ह. दुसरं म्हणजे एन्क्वायरी फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जातात, म्हणजे गिऱ्हाईक विचारतंय आणि सेल्सवाल्यांना पत्ताच नाही, ते एसपीएफ-डीकेआयएम बघून लगेच मार्गी लावायचंय. मराठी पेजेसचा मजकूर जुन्या श्रीलिपीतल्या कॅटलॉगमधून कॉपी केलेला, त्यातला बराच भाग स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतो, तो युनिकोडमध्ये आणायचा. टायपिंगला ऑफिसातला माणूस देऊ, तुम्ही फक्त पेजवर नीट बसवायचं. आणि हो, सेल्सची पोरं मोबाइलवरचे सहा-सात एमबीचे फोटो तसेच चढवतात, त्यावर काहीतरी कायमचा इलाज करा.

बाकी नेहमीचं: अपडेट, बॅकअप (आणि तो खरंच रिस्टोअर होतो का ते अधूनमधून करून बघणं), नवीन प्रॉडक्ट टाकणं.

पीएचपी, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट हाताने लिहिता आलं पाहिजे, नुसतं पेज बिल्डरवर ओढून-सोडून भागणार नाही. डिग्री विचारत नाही. मराठी वाचता-लिहिता येणं मात्र गरजेचं.

महिन्याला अंदाजे 40 तास, 20,000 रुपये, टीडीएस कापून दर महिन्याच्या 7 तारखेच्या आत खात्यावर. जास्त तास लागले तर आधी बोलून तासाला 500. घरून करा, फक्त महिन्यातून एकदा फॅक्टरीत चक्कर मारा, सोमवार सोडून, सोमवारी आम्हाला सुट्टी असते. साइट बंद पडली तर दिवसा दोन तासांत उत्तर यावं, रात्री-बेरात्री फोन करणार नाही. होस्टिंग आणि डोमेन कंपनीच्या नावावरच राहणार, पासवर्ड दोघांकडे, यात तडजोड नाही.

बायोडाटा दोन पानांपेक्षा मोठा नको. तुम्ही सांभाळलेल्या दोन साइटच्या लिंक द्या आणि एखादी साइट पडली होती तेव्हा नेमकं काय केलंत ते चार-पाच ओळींत लिहा, निवड बरीचशी त्यावरच होईल. फुकट टेस्ट प्रोजेक्ट करून घेत नाही, अर्धा तास फोनवर बोलू, जमलं तर पहिला महिना ट्रायल, पूर्ण पगारी. एजन्सीवाल्यांनी कृपया कोटेशन पाठवू नका. इथेच मेसेज करा, येत्या महिनाअखेरपर्यंत, हो किंवा नाही उत्तर सगळ्यांना देऊ.