वर जाणारी चाल

अंगारकी चतुर्थीच्या संध्याकाळी स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर रिक्षात बसताना सरूबाईंनी दत्तोबांच्या हाती शिवाजीनगरच्या एका रुग्णालयाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली, तेव्हा ती घामाने भिजून मऊ पडली होती. यजमानांच्या छातीत कळ आल्याने पुतण्याने त्यांना पहाटेच पुण्याला हलवले होते; इंदापूरजवळच्या खेड्यातून सरूबाई मागाहून एकट्याच निघाल्या होत्या, आणि मोबाइल बंद पडल्यामुळे दुपारपासून त्यांना काहीच खबर नव्हती.

मंडईच्या पुढे रिक्षा अडकली. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला लोटलेली गर्दी रस्त्यावर आली होती, हारवाल्यांच्या टोपल्या चाकांना लागत होत्या आणि एक बस इतकी खेटून थांबली की सरूबाईंनी पिशवी पोटाशी धरून डोळेच मिटून घेतले.

"दादा, मला उतरू द्या. मी चालत जाते."

"मावशी, या गर्दीत चुकाल. पुढे नव्या पुलावरून नदी ओलांडली की आलंच."

त्यांचा श्वास तरीही लागलेलाच होता. शब्दांनी भीती हटत नाही, हे इतकी वर्षे रिक्षा चालवून दत्तोबांना ठाऊक होते. त्यांनी इंजिन बंद केले आणि तुकोबांचा एक अभंग गुणगुणायला सुरुवात केली. लहानपणापासून सासवडच्या भजनी मंडळात टाळ धरलेला हा माणूस. त्याची बोटे आपोआप हँडलवर ठेका धरू लागली, आणि मागून हॉर्न कितीही वाजले तरी लय तसूभर ढळली नाही. रिक्षा चार हात पुढे जाई, पुन्हा थांबे. अभंग मात्र थांबत नव्हता.

दुसरे कडवे संपता संपता मागून आवाज आला.

"आमच्याकडे अशी चाल नाही."

दत्तोबांनी आरशात पाहिले. सरूबाईंचे डोळे उघडे होते.

"मग कशी आहे?"

"शेवटाला तुम्ही खाली येता. आमचे हे वर नेतात. एकादशीला सगळं देऊळ त्यांच्या मागं म्हणतं."

"म्हणून दाखवा की, मावशी. मला शिकायची आहे."

पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला, दुसऱ्यांदा घशातच अडकला. पण तिसऱ्यांदा ती ओळ वर गेली आणि क्षणभर तिथेच ठरली. दांड्यावरची त्यांची मूठ कधी सुटली आणि बोटे कधी ठेका धरू लागली, ते त्यांनाही कळले नाही. शनिवारवाडा मागे पडला, पुलावर मुठेचा वारा लागला, तरी दोघे त्या एकाच ओळीवर होते. दत्तोबा चुकत आणि त्या न कंटाळता सुधारत.

रुग्णालयाच्या दारात पुतण्या उभा होता. "काकी, काका शुद्धीवर आहेत. तुम्हालाच विचारतायत."

सरूबाई पायऱ्यांपाशी वळल्या. "दादा, वर न्यायची, विसरू नका."

"नाही विसरत, मावशी."

भाडे द्यायचे राहिले, हे पुतण्याच्या लक्षात आले तोवर रिक्षा चौकापाशी पोहोचली होती, आणि दत्तोबा ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहत होते.