मेपोलिझुमॅबच्या मंजुरीचा फेरविचार करावा म्हणून सुधारित पत्र

दिनांक 18 जुलै 2025

प्रति, मेडिकल रिव्ह्यू विभाग
पेशंट: महिला, वय 54
विषय: तुमचं नकाराचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

आधीचं चार पानी पत्र बाजूला ठेवा आणि त्याच्याऐवजी हे वाचा ही विनंती. यात मी लिहिलेली प्रत्येक गोष्ट सोबतच्या कागदांत कुठे सापडेल तेही तिथल्या तिथेच लिहिलंय, त्यामुळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडू नये.

मागणी एवढीच आहे: मेपोलिझुमॅब 100 मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर 4 आठवड्यांनी, सुरुवातीला 6 डोस. निदान, सिव्हिअर इओसिनोफिलिक अस्थमा.

तुमच्या नकारात तीन कारणं आहेत: वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही, पेशंट इनहेलर नीट घेतेय का याचा पुरावा नाही, आणि तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड हा स्वस्त पर्याय उपलब्ध आहे. इनहेलरपासून सुरू करतो, कारण तिथे उत्तर नसेल तर पुढचं सगळं फोल आहे.

फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल 500/50 दिवसातून दोनदा, सोबत टायोट्रोपियम 5 मायक्रोग्रॅम रोज, हे 6 मे 2024 पासून चालू आहे. म्हणजे फ्लुटिकासोन रोज 1000 मायक्रोग्रॅम, हा हाय डोसच आहे. 6 मे 2024 ते 8 जुलै 2025 हे 428 दिवस होतात आणि एवढ्या काळात फार्मसीतून 14 डिव्हाइस घेतलेत, एकात 30 दिवसांचं औषध, म्हणजे 420 दिवसांचं (जोडपत्र 1, बिलांसकट). टेक्निक आमच्या नर्सने तीन वेळा समोर बसवून तपासलंय, चेकलिस्ट आणि डोस काउंटरचं रीडिंग जोडपत्र 2 मध्ये आहे. मॉन्टेलुकास्ट तीन महिने देऊन पाहिलं, फरक पडला नाही म्हणून बंद केलं. धूम्रपान कधीच नाही, बीटा ब्लॉकर चालू नाही, सायनसचा त्रास होता त्यावर उपचार झालेत.

हा दमाच आहे का, हेही दाखवतो. ब्रॉन्कोडायलेटरच्या आधी एफईव्ही1 1.38 लिटर (अपेक्षित मापाच्या 54 टक्के), नंतर 1.66, म्हणजे 280 मिली आणि 20 टक्क्यांची वाढ, आणि 12 टक्के व 200 मिली हा निकष त्यात आरामात पूर्ण होतो (जोडपत्र 3, ग्राफसकट). दम्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही ना म्हणून एचआरसीटी केला त्यात ब्रॉन्किएक्टॅसिस नाही, ॲस्परजिलसची आयजीई निगेटिव्ह, एएनसीए निगेटिव्ह, लॅरिंगोस्कोपी नॉर्मल (जोडपत्र 4).

आता इओसिनोफिल. 29 जुलै 2024 ला मायक्रोलिटरमागे 540, 3 ऑक्टोबरला 610, आणि 8 जुलै 2025 ला 180. तुमच्या रिव्ह्यूअरनी फक्त शेवटचा आकडा धरलाय असं पत्रावरून दिसतं. तो आकडा रोजचं 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू असताना घेतलेला आहे, आणि स्टेरॉइडने इओसिनोफिल खाली येतात हे तुम्हाला मी सांगायला नको, तरी रिपोर्टवर तारीख आणि प्रिस्क्रिप्शनवर डोस दोन्ही आहेत ते शेजारी ठेवून पाहा (जोडपत्र 5). आणि 180 हासुद्धा 150 च्या वरच आहे.

एवढं औषध चालू असताना बारा महिन्यांत पाच अटॅक आले: 9 ऑगस्ट, 21 ऑक्टोबर, 28 नोव्हेंबर, 17 फेब्रुवारी आणि 26 मे. प्रत्येक वेळी स्टेरॉइडचा जादा कोर्स किमान 5 दिवस द्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये 5 दिवस ॲडमिट, फेब्रुवारीत 6 दिवस, त्यातले 2 आयसीयूत. या दोन्ही ॲडमिशनचे क्लेम तुमच्याकडेच पास झालेत, म्हणजे डिस्चार्ज समरी तुमच्या सिस्टिममध्ये आहेच. 26 मे ची कॅज्युअल्टी नोट मात्र नक्की वाचा (जोडपत्र 6): ऑक्सिजन 88 टक्के, श्वास मिनिटाला 32, एका दमात दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नव्हतं, नाव-पत्ता मुलीने सांगितला. सध्याचा एसीक्यू-5 स्कोअर 3.2 आहे, 1.5 किंवा वर म्हणजे कंट्रोल नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरा वाद तिथेच आहे. गोळी स्वस्त आहे हे कबूल, आणि ती आम्ही देतोच आहोत, 12 डिसेंबर 2024 पासून रोज 10 मिलिग्रॅम. 5 वर आणायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा दोन आठवड्यांच्या आत अटॅक आला, फेब्रुवारीचा आणि मेचा तोच. म्हणजे हा पर्याय वापरून झालाय आणि तो अपुरा पडलाय. वर त्याची किंमत पेशंट शरीराने मोजतेय: एचबीए1सी जून 2024 मध्ये 5.6 होता तो आता 6.9 आहे, म्हणजे डायबेटिसच्या रेंजमध्ये, मणक्याचा टी-स्कोअर उणे 2.6, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात (जोडपत्र 7). हाडांच्या बाबतीत रजोनिवृत्तीचाही वाटा असेल, सगळा दोष गोळीवर टाकत नाही, पण अशा हाडांवर अजून वर्षभर रोज प्रेडनिसोलोन द्या असं मी लिहून देऊ शकत नाही.

हेच औषध का? ओमालिझुमॅबचा विचार केला होता, पण स्किन प्रिक टेस्ट निगेटिव्ह आहे आणि एकूण आयजीई 22, त्याच्या डोसच्या तक्त्यात 30 पासून सुरुवात होते, त्यामुळे ते इथे बसत नाही. मेपोलिझुमॅबच्या 2014 च्या मेन्सा ट्रायलमध्ये प्रवेशाची अट होती इओसिनोफिल सध्या 150 किंवा गेल्या वर्षभरात 300, हाय डोस इनहेलर, आणि वर्षात दोन किंवा जास्त अटॅक. ही पेशंट तिन्हींत बसते. त्वचेखालच्या 100 मिलिग्रॅमने तिथे प्लासिबोच्या तुलनेत अटॅक 53 टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षीच्या सिरियस ट्रायलमध्ये रोज 5 ते 35 मिलिग्रॅम स्टेरॉइडवर असलेले पेशंट होते, म्हणजे अगदी हिच्यासारखेच, आणि तिथे औषधाच्या गटात स्टेरॉइडच्या डोसमधली मध्यक घट 50 टक्के होती, प्लासिबोच्या गटात शून्य. दोन्ही पेपर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधले आहेत, पूर्ण प्रती जोडल्यात आणि वर दिलेले आकडे हायलाइट केलेत (जोडपत्र 8). जीनाच्या गाइडलाइनमध्येही स्टेप 5 ला याच गटातलं औषध सुचवलंय.

हे कायमचं मंजूर करा असं मी म्हणत नाहीये. 6 डोसनंतर मी स्वतः अटॅकची संख्या, स्टेरॉइडचा डोस, एसीक्यू-5 आणि एफईव्ही1 लिहून पाठवीन. तोवर रोजचा स्टेरॉइड डोस निम्म्यावर आला नाही आणि अटॅकही कमी झाले नाहीत तर औषध मीच बंद करीन, तसं पेशंटला आणि तिच्या मुलीला आधीच सांगितलंय आणि त्यांची सही असलेला कागद जोडपत्र 9 मध्ये आहे.

तरीही नकारच द्यायचा असेल तर तो श्वसनरोग तज्ज्ञाने फाइल पाहून द्यावा, आणि वरचा नेमका कुठला निकष पूर्ण होत नाही, कुठल्या जोडपत्रावरून, ते लेखी कळवावं. फोनवर बोलायला मी कधीही तयार आहे, ओपीडी चालू असली तरी उचलीन, नंबर क्लेम फाइलवर आहे. गोळी पुन्हा कमी करायचा प्रयत्न इंजेक्शन सुरू झाल्याशिवाय करणार नाही, त्यामुळे तुमचं उत्तर जितकं लांबेल तितके दिवस 10 मिलिग्रॅम चालूच राहणार आहे, हे लक्षात घेऊन लवकर कळवा.

आपला,
उपचार करणारा डॉक्टर, श्वसनरोग विभाग