माहितीपत्र : मृण्मयी साळुंखे, एमबीए (विपणन), पुणे

सांगलीतून 2023 मध्ये वाणिज्य पदवी घेतल्यानंतर मी सध्या एमबीएच्या अंतिम वर्षात शिकत असून, ग्रामीण विक्री व वितरण क्षेत्रात काम करू इच्छिते.

समर इंटर्नशिप : मे-जून 2025 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका दूध संघासाठी 140 किरकोळ विक्रेत्यांना प्रत्यक्ष भेटून मी दह्याचा माल परत येण्याची कारणे नोंदवली, पुरवठा सकाळी साडेसहापूर्वी करण्याची माझी शिफारस संघाने दोन मार्गांवर अमलात आणली आणि तेथील परत येणारा माल 9 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आला. मला हेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

लाइव्ह प्रोजेक्ट : लक्ष्मी रस्त्यावरील एका साडी दुकानाची साठानोंद एक्सेलमध्ये उभारली.

नेतृत्व : प्लेसमेंट समितीची विद्यार्थी समन्वयक या नात्याने मी 12 सदस्यांचे काम पाहते, इंटर्नशिपच्या काळात ही जबाबदारी सहसमन्वयकाकडे लेखी सोपवली होती.